चेकवरच्या दोन रेघा, ‘बेअरर’ आणि तारखेचे आठ खाने

बँक चेकबुक देते, पण ते भरायचं कसं याचा एक साधा कागदही सोबत देत नाही. पहिल्या पानावर आपली सही घेतली की बँकेचं काम संपतं. मग माणूस पहिला चेक अंदाजाने भरतो. दहा-वीस हजारांचं घरगुती प्रकरण असेल तर निभावून जातं. पण पैसे पंधरावीस बायकांचे असतील तर?

गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीच्या सुनेचा फोन आला. सांगली जिल्ह्यातलं त्यांचं गाव, आणि ती यंदा तिथल्या बचत गटाची सचिव झाली आहे. गटाने शेवयाचं मशीन घ्यायचं ठरवलंय. किंमत साठ हजार पाचशे. विक्रेत्याला आधी अठ्ठेचाळीस हजार पाचशे द्यायचे आणि बाकी बारा हजार मशीन बसल्यावर. दोघींच्या सह्यांनी चालणारं खातं, त्यामुळे तिथे यूपीआय नाही. चेकच द्यावा लागणार. पोरीने आयुष्यातला पहिला चेक भरला, फोटो काढला, मला पाठवला आणि विचारलं, “मामा, बरोबर आहे ना बघा. दुपारी माणूस न्यायला येतोय.”

माझी तीस वर्षं एका सहकारी बँकेच्या क्लिअरिंग विभागात गेली. चेक हातात घेतला की नजर आपोआप ठरलेल्या क्रमाने फिरते. तो फोटो बघून मी तिला लगेच फोन लावला. त्या फोनवर जे बोललो तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण असे फोटो मला वर्षातून चार-पाच तरी येतात आणि चुका त्याच त्याच असतात.

आधी फोटोबद्दल. तिने तो मला पाठवण्याआधी गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकला होता, सगळ्यांना दिसावा म्हणून. हेतू चांगला. पण त्या एका चित्रात खाते क्रमांक आहे, आयएफएससी आहे, चेकचा नंबर आहे आणि दोन्ही बायकांच्या सह्या आहेत. खोटी सही गिरवायला याहून चांगला नमुना कुणाला मिळणार? भरलेला चेक कुणाला तपासायला द्यायचा असेल तर सही करण्याआधी फोटो काढा. सहीनंतरचा फोटो स्वतःच्या नोंदीसाठी ठेवायला हरकत नाही, फक्त तो ग्रुपवर नको.

तिने मला एक हुशार प्रश्न विचारला. “पण मामा, तुम्हीच म्हणता ना, आता बँकेतसुद्धा चेकचा फोटोच जातो?” बरोबर आहे. पूर्वी चेकचे गठ्ठे थैल्यांतून क्लिअरिंग हाउसला जायचे. आता सीटीएस पद्धतीत ज्या बँकेत चेक भरला तिथेच कागद थांबतो आणि मशीनने काढलेली त्याची प्रतिमा पैसे देणाऱ्या बँकेकडे जाते. मात्र ती प्रतिमा बँकेने काढलेली असावी लागते, तुमच्या-माझ्या मोबाइलमधली नव्हे. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, आपला चेक पास करणारा माणूस आपल्या शाखेत बसलेला असेलच असं नाही. तो दूर कुठल्यातरी शहरात पडद्याकडे बघत असतो. त्याला ना तुम्ही माहीत, ना तुमचा गट. त्याला फक्त चित्र दिसतं. त्यात खाडाखोड दिसली तर तो शाखेला फोन करून “हे बाई चांगल्या आहेत का हो?” असं विचारत बसत नाही. चेक परत पाठवतो.

आता तिचा चेक.

वर उजवीकडे तारखेचे आठ खाने असतात. दोन दिवसाचे, दोन महिन्याचे, चार वर्षाचे. तिला लिहायची होती १२ जानेवारी २०२६. लिहिताना हाताने सवयीने २०२५ लिहिलं, आणि लक्षात आल्यावर पाचाचा सहा केला, चांगला दोनदा गिरवून. जानेवारीत क्लिअरिंगला बसणाऱ्या प्रत्येकाला हा प्रकार तोंडपाठ असतो. न गिरवता २०२५ तसंच राहिलं असतं तर चेक एक वर्ष जुना ठरला असता आणि परत आला असता. तारखेवर मी पुन्हा येणार आहे, कारण खरी मेख तिथे आहे. तूर्त खाली उतरू.

‘पे’ या शब्दापुढच्या ओळीवर ज्याला पैसे द्यायचे त्याचं नाव. तिने दुकानाच्या पाटीवरचं नाव लिहिलं होतं. पाटीवर एक नाव आणि बँकखात्याला दुसरंच, असं आपल्याकडे सर्रास असतं. चेकवर खात्याचं नाव हवं. ते विक्रेत्याच्या बिलावर असतं, नसेल तर त्याला विचारून घ्यायचं. शिवाय तिने नाव ओळीच्या मधोमध, लग्नपत्रिकेवर लिहावं तसं लिहिलं होतं. नाव अगदी डाव्या टोकापासून सुरू करायचं आणि संपल्यावर उरलेल्या जागेत एक आडवी रेघ ओढायची.

हीच गोष्ट रकमेची, आणि इथे धोका जास्त. चौकटीत रुपयाच्या चिन्हानंतर तिने बोटभर जागा सोडून ४८,५०० लिहिलं होतं. अक्षरांच्या ओळीवरही सुरुवातीला जागा सोडून “अठ्ठेचाळीस हजार पाचशे”. आता बघा, चौकटीत आधी एक ‘१’ आणि ओळीवर आधी “एक लाख” एवढंच कुणी भरलं, तर चेक झाला एक लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशेचा. एक अक्षरही खोडावं लागत नाही. तुम्ही म्हणाल, बँक भरून देईल. कायद्यात बँकेलाही संरक्षण आहे: फेरफार वरवर दिसत नसेल आणि बँकेने नेहमीच्या रीतीने पैसे दिले असतील तर तिची सुटका होते. मोकळी जागा आपण सोडली होती, त्यामुळे भांडण आपल्या गळ्यात. म्हणून आकडा चिन्हाला चिकटून, शेवटी तिरकी रेघ आणि छोटी आडवी रेघ. अक्षरं टोकापासून आणि शेवटी “फक्त”.

अक्षरं आणि आकडे जुळले नाहीत तर? १८८१ चा जो कायदा चेकला लागू आहे, त्याच्या कलम १८ प्रमाणे अक्षरातली रक्कम खरी धरायची. पण ते कोर्टात. व्यवहारात बँक “अक्षरी व अंकी रकमेत फरक” असा शेरा मारून चेक परत करते आणि वर दंड लावते. कलम दाखवून काही उपयोग होत नाही.

तिने विचारलं, मराठीत लिहिलेलं चालतं का? चालतं. चेकचा नमुना हिंदी-इंग्रजीत छापलेला असतो, पण ग्राहकाने तो हिंदी, इंग्रजी किंवा त्या प्रदेशाच्या भाषेत लिहावा ही मुभा रिझर्व्ह बँकेच्याच सूचनांत आहे. काउंटरवरचा कुणी नाक मुरडत असेल तर त्याला हे सांगा. आकडे मात्र मी इंग्रजीत लिहा म्हणतो. नियम म्हणून नाही, तो दूरच्या शहरातला पडद्यापुढचा पोरगा आठवतो म्हणून. आपला ‘१’ त्याला नऊसारखा वाटू शकतो.

आता मुख्य मुद्दा. नावाच्या ओळीच्या उजव्या टोकाला छापलेलं असतं ‘या धारक को’ किंवा ‘ऑर बेअरर’. धारक म्हणजे ज्याच्या हातात चेक आहे तो. हे शब्द तसेच ठेवले तर आपण बँकेला सांगत असतो की अमुक माणसाला पैसे दे, किंवा हा कागद जो घेऊन येईल त्याला दे. आमच्या सूनबाईने हे शब्द खोडले नव्हते. म्हणजे दुपारी चेक न्यायला येणारा तो माणूस, मालक असो की नोकर की नोकराचा मेहुणा, तडक शाखेत जाऊन काउंटरवर रोख मागू शकला असता. वाटेत चेक पडला तर सापडणाराही. बँक सावधगिरी म्हणून दोन प्रश्न विचारेल, मागे सही घेईल, पण आपण दिलेला हुकूम तोच आहे.

‘बेअरर’ शब्द खोडला की तो ऑर्डर चेक होतो. मग पैसे त्या नावाच्या माणसाला, किंवा त्याने मागे सही करून ज्याच्या नावे केला त्याला. बँकेला ओळख पटवून घ्यावी लागते. हे दोन शब्द खोडण्याला खाडाखोड म्हणत नाहीत. तिथे सही करायचीही गरज नसते.

पण नुसतं बेअरर खोडून भागत नाही, कारण ऑर्डर चेकवरही काउंटरवर रोख मिळू शकते. त्यासाठी डाव्या कोपऱ्यातल्या तिरक्या रेघा. तिच्या चेकवर रेघ होती. एक! “कुणीतरी दाखवलं होतं कोपऱ्यात रेघ मारायची म्हणून,” असं ती म्हणाली. एका रेघेला काही अर्थ नाही. कायद्याचे शब्द स्पष्ट आहेत: दोन समांतर तिरक्या रेघा. त्या मारल्या की चेक क्रॉस झाला, म्हणजे बँकेने त्याचे पैसे फक्त दुसऱ्या बँकेमार्फत, खात्यातच द्यायचे. काउंटरवर रोख बंद. पैसे कुणाकडे गेले हे नंतर शोधता येतं, कारण शेवटी कुठल्यातरी खात्यात ते उतरलेले असतात.

तरी एक दार उघडं राहतं. नुसत्या दोन रेघांचा चेक मूळ माणूस मागे सही करून तिसऱ्याला देऊ शकतो आणि तो तिसरा आपल्या खात्यात भरू शकतो. ते बंद करायला दोन रेघांच्या मध्ये लिहायचं ‘अकाउंट पेयी’. मराठीत ‘खात्यात जमा’ असं लिहिणारेही आहेत. मी प्रचलित शब्दच लिहायला सांगतो. गंमत अशी की १८८१ च्या कायद्यात क्रॉसिंगच्या कलमांत हे शब्द नाहीतच. ते बँकांच्या प्रथेतून आले आणि पुढे रिझर्व्ह बँकेने बंधन घातलं की असा चेक ज्याच्या नावाचा त्याच्याच खात्यात जमा करायचा, दुसऱ्या कुणाच्या नाही. याला एक सवलत आहे आणि ती आपल्या भागात कामाची आहे. पतसंस्थेचा सभासद असलेल्या माणसाच्या नावाचा, पन्नास हजारांपर्यंतचा अकाउंट पेयी चेक बँक त्या पतसंस्थेच्या खात्यावर वसूल करू शकते. ज्याचं बँकेत खातं नाही, फक्त पतसंस्थेत आहे, त्याची अडचण यातून सुटते.

दोन रेघांच्या मध्ये ‘अँड कंपनी’ लिहिलेले चेकही जुन्या लोकांनी पाहिले असतील. ते लंडनच्या क्लिअरिंग हाउसमधल्या कारकुनांचं देणं. हिशेब जुळवायला ते चेकवर बँकेचं नाव लिहीत. नाव माहीत नसेल तर ‘अँड कंपनी’ एवढंच लिहून पुढे जागा ठेवत. हल्ली त्या शब्दांनी काही जास्तीचं संरक्षण मिळत नाही. ‘नॉट निगोशिएबल’ हेही असंच गैरसमजाचं. लोकांना वाटतं, असा चेक पुढे देताच येत नाही. देता येतो, फक्त तो चोरीचा निघाला तर घेणाऱ्याला चोरापेक्षा जास्त हक्क मिळत नाही. आपल्यासारख्यांच्या कामाला ‘अकाउंट पेयी’ पुरे.

रेघा मारायच्या कुठे? डावीकडे वरचा कोपरा. नाव, रक्कम यांवरून जाऊ देऊ नका. आणि चेकच्या तळाची पांढरी पट्टी, जिच्यावर विचित्र वळणाचे आकडे छापलेले असतात, तिला पेन लावायचंच नाही. त्या पट्टीत आधी सहा आकडी चेक नंबर, मग नऊ आकडी कोड. त्या नवातले पहिले तीन शहराचे, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. मशीन ते चुंबकीय शाईवरून वाचतं. बऱ्याच जणांची सही लफ्फेदार असते आणि तिची शेपटी थेट या पट्टीत उतरते. तिच्या गटाच्या अध्यक्षांची तशीच होती, थोडक्यात वाचली.

एक गोष्ट उलट्या बाजूची. तुम्हाला कुणी रेघा न मारलेला चेक दिला, तर रेघा तुम्ही स्वतः मारू शकता. घेणाऱ्याला तो हक्क कायद्यानेच दिला आहे. चेक खिशात घेऊन एसटीने चार गावं फिरणार असाल तर घेतल्या जागी मारा.

आता तारखेवर परत येतो.

चेकवरच्या तारखेपासून तीन महिने तो चालतो. १ एप्रिल २०१२ पूर्वी ही मुदत सहा महिने होती, आणि आमच्या वयाची माणसं अजून तेच धरून बसतात. १२ जानेवारीचा चेक म्हणजे १२ एप्रिलच्या आसपास खेळ खलास. नव्वद दिवस मोजत बसू नका, कॅलेंडरचे महिने धरायचे, आणि शेवटच्या दिवसाच्या आशेवर कधीच राहू नका. मध्ये रविवार-सुट्टी येते. मुदत गेली म्हणजे देणं बुडालं असं नाही. कागद निकामी होतो, उधारी तशीच राहते. नवा चेक मागायचा.

पुढची तारीख टाकली तर त्या तारखेआधी तो वटत नाही. आधी भरला तर परत येतो. आणि त्याचे तीन महिने, हातात दिला त्या दिवसापासून नव्हे, चेकवरच्या तारखेपासून सुरू होतात. आजची किंवा कालची तारीख असेल तर लगेच भरता येतो. आणि हो, पौष-माघवाल्यांसाठी: भारत सरकारच्या राष्ट्रीय शक दिनदर्शिकेप्रमाणे टाकलेली तारीखही वैध आहे. १२ जानेवारी २०२६ म्हणजे २२ पौष १९४७. ही पंचांगातली तिथी नव्हे, सरकारी सौर दिनांक आहे. हौस असेल तर टाका, पण मशीनच्या पैशांवर ती हौस करू नये.

गिरवलेल्या तारखेचं काय? सीटीएसमध्ये जाणाऱ्या चेकवर नाव, रक्कम यांत कुठलीही दुरुस्ती चालत नाही, बाजूला सही केली तरी. आमच्या सुरुवातीच्या काळात खोडून सही केली की चालायचं, ते दिवस गेले. अपवाद फक्त तारखेचा. मुदत वाढवायला ती बदलून खातेदाराने सही केली तर चालतं. म्हणजे तिचा तो पाचाचा सहा दोघींनी पूर्ण सही करून कदाचित निभला असता. पण नाव, रक्कम, रेघ सगळंच बिघडलेलं. मी म्हटलं, ते पान रद्द कर, दुसरं घे.

मग ती जरा थांबली आणि म्हणाली, “मामा, अजून एक चेक आहे.”

विक्रेत्याने बाकीच्या बारा हजारांसाठी दुसरा चेक मागितला होता. सह्या करून, रक्कम भरून, तारीख मात्र कोरी. “सिक्युरिटी म्हणून राहू दे वैनी, मशीन बसलं की तुम्हाला विचारूनच टाकतो.”

हे वाक्य ज्यांनी ऐकलेलं नाही असा शेतकरी, छोटा दुकानदार किंवा गटातली बाई मला तरी भेटलेली नाही. खतवाला मागतो, फायनान्सवाला मागतो, चिट्टी चालवणारा मागतो. देणाऱ्याला वाटतं तारीख नाही, म्हणजे चेक अपुरा, म्हणजे काही होणार नाही. नेमकं उलटं आहे. सही केलेला अपुरा चेक आपण राजीखुशीने दिला, की तो पुरा करायची मुभाच आपण समोरच्याला दिली असं कायदा धरतो. २०१९ मध्ये बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: देण्यापोटी स्वखुशीने दिलेल्या सहीच्या कोऱ्या चेकचा तपशील दुसऱ्याने भरला म्हणून तो अवैध ठरत नाही. “अक्षर माझं नाही” हा बचाव तिथे टिकत नाही. रक्कम देणं लागत नव्हती हे सिद्ध करायची संधी असते, पण ओझं सही करणाऱ्यावर येतं.

आणि कोऱ्या तारखेचा दुसरा अर्थ नीट समजून घ्या. तीन महिन्यांची मुदत तारखेपासून सुरू होते. तारीखच नाही, तर घड्याळ सुरूच होत नाही. तो चेक त्याच्या गल्ल्यात महिनोन्‌महिने पडून राहील. मधल्या काळात मशीन बिघडेल, भांडण होईल, गटाची सचिव बदलेल. मग एके दिवशी तो तारीख टाकेल, चेक भरेल, आणि खात्यात बारा हजार नसतील तर तो परत येईल. पुढचं कॅलेंडर कलम १३८ चं. बँकेचा शेरा मिळाल्यापासून तीस दिवसांत तो लेखी नोटीस पाठवू शकतो. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले तर विषय मिटतो. नाही दिले तर त्यानंतर महिन्याच्या आत तो कोर्टात फिर्याद करू शकतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बारा हजारांच्या मशीनबाकीसाठी दोन बायका तालुक्याच्या कोर्टात तारखा करतायत हे चित्र डोळ्यांपुढे आणा. त्या विक्रेत्याला मी बदमाश म्हणत नाही, मला तो माणूस माहीत नाही. पण कोरी तारीख फक्त त्याच्याच सोयीची आहे.

मी तिला सांगितलं, मशीन किती दिवसांत बसेल ते त्याच्याकडून वदवून घे. तो म्हणाला महिनाभरात. मग १२ फेब्रुवारी २०२६ ही तारीख आपल्या हाताने आठ खान्यांत टाक, नाव, रक्कम, दोन रेघा, अकाउंट पेयी, सगळं पुरं कर, आणि बिलावर लिहून घे की अमुक नंबरचा चेक बाकीपोटी दिला आहे, मशीन बसून चालू झाल्यावरच भरायचा. आता त्याला १२ फेब्रुवारीआधी तो भरता येणार नाही आणि मे महिन्याच्या मध्यानंतरही नाही. मशीन आलंच नाही तर? चेक भरण्याआधी बँकेला लेखी देऊन पेमेंट थांबवता येतं, बँक त्याचं शुल्क घेते. मात्र देणं खरं असताना केवळ टाळायला थांबवलं, तर कलम १३८ मधून सुटका होत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच सांगून ठेवलंय. म्हणून बिलावरची ती ओळ महत्त्वाची.

शिलकीचंही बोललो. ४ ऑक्टोबर २०२५ पासून क्लिअरिंग दिवसभर सुरू असतं. सकाळी नऊ ते दुपारी तीनपर्यंत चेक सतत पुढे जातात आणि पैसे देणाऱ्या बँकेने संध्याकाळी सातपर्यंत हो-नाही कळवायचं. नाही कळवलं तर होकार धरला जातो. “चेक उद्या लागेल, तोवर परवाचा हप्ता खात्यात भरू” ही जुनी गणितं आता मांडू नका. चेक हातात द्यायच्या आधी पैसे खात्यात हवेत.

पन्नास हजार किंवा वरचा चेक असता तर आणखी एक काम होतं. चेक नंबर, तारीख, नाव आणि रक्कम बँकेला आपल्या बाजूने आधी कळवायची, अ‍ॅपवरून, एसएमएसने किंवा शाखेत जाऊन. चेक आला की बँक ते ताडून बघते. याला पॉझिटिव्ह पे म्हणतात, जानेवारी २०२१ पासून आहे. पन्नास हजारांपासून ते खातेदाराच्या मर्जीवर आहे, पाच लाख आणि पुढे बँक सक्ती करू शकते. मघाची ती “एक लाख” घुसडण्याची युक्ती इथे पकडली जाते, कारण आपण कळवलेला आकडा वेगळा असतो. तिचा चेक साडेअठ्ठेचाळीस हजारांचा, म्हणजे या सोयीच्या जेमतेम खाली. तिथे मोकळ्या जागा बंद करणं हाच उपाय.

तिने नवं पान भरलं, सह्यांआधी फोटो पाठवला, मी होकार दिला. अध्यक्षांनी आणि तिने बँकेत दिलेल्या नमुन्यासारखीच सही केली, पट्टीच्या वर. मागची बाजू कोरी ठेवली. तिथे जो चेक भरतो त्याने आपला खाते क्रमांक आणि फोन लिहायचा असतो.

बिघडलेलं पान ती फाडून चुलीत टाकणार होती. तसं करू नका. त्यावर सह्या आहेत, तेव्हा आधी सह्यांची जागा आणि तळाची नंबरपट्टी कात्रीने कापायची, पानभर मोठ्या अक्षरात ‘रद्द’ लिहायचं आणि ते चेकबुकालाच टाचून ठेवायचं. गटाच्या वहीत त्या नंबरपुढेही ‘रद्द’. वर्षाअखेर ऑडिटला बसलेला माणूस चेकनंबर ओळीने वाचतो आणि मधला एक गायब दिसला की पहिला प्रश्न त्याचाच विचारतो.